टेलिग्रामवरचे स्टिकर साफ करण्याआधी: मूळ फाईली, मूळ फाईली, मूळ फाईली

मागच्या वेळी मी स्वतः बनवलेला २४ स्टिकरचा पॅक उडवला आणि नंतर कळलं की मूळ चित्रं कुठेच नाहीत, जुन्या फोनबरोबर गेली. म्हणून आधी हेच: पॅकला हात लावायच्या आधी मूळ फाईली शोधा. पारदर्शक बॅकग्राउंडची, एक बाजू ५१२ पिक्सेलची ती पीएनजी किंवा वेबपी चित्रं फोल्डरमध्ये खरंच आहेत का ते उघडून, मोजून बघा. स्टिकर २४ तर फाईली २४.

आता काढणं आणि डिलीट करणं यातला फरक नीट समजून घ्या, माझा घोळ इथेच झाला. स्टिकरच्या यादीतून पॅक काढला तर तो फक्त तुमच्याकडून जातो, `t.me/addstickers/` ने सुरू होणारी लिंक जपून ठेवलीत तर कधीही परत जोडता येतो. पण `@Stickers` बॉटला `/delpack` पाठवून कन्फर्म केलंत की पॅकच संपतो, ज्यांनी ज्यांनी तो जोडला होता त्या सगळ्यांकडून. मला फक्त माझी यादी आटोपशीर करायची होती आणि ग्रुपमधले सगळे विचारायला लागले की आपले स्टिकर कुठे गेले. तेव्हा पॅक दुसरं कोणी वापरतंय का ते आधी विचारा. एखाद-दुसराच स्टिकर नको असेल तर `/delsticker` पुरतं, बॉटला तोच स्टिकर पाठवायचा, अख्खा पॅक कशाला मारताय? आणि `/delpack` च करायचं असेल तर मूळ फाईली आहेत ना? परत एकदा बघा, कारण त्यानंतर नवा पॅक त्याच फाईलींवरून बनवायचा असतो.

फेव्हरिट स्टिकरची यादी वेगळी असते, तीही बघून घ्या.

जिफ सोप्या. मोबाईलवर जिफच्या टॅबमध्ये दाबून धरा, डिलीट. जिथे आधीच पाठवल्यात तिथे त्या राहतात. पण यादी अकाउंटची आहे, एका फोनवर काढली की दुसरीकडूनही जाते, म्हणून हवी ती जिफ आधी सेव्ह्ड मेसेजेसमध्ये पाठवून ठेवा. साध्या अकाउंटला २०० ची मर्यादा आहे, ती भरली की जुन्या आपोआपच बाहेर पडतात.

क्विक रिप्लाय, बिझनेस सेटिंग्जमधले: मजकूर आधी कॉपी करा. `hello` आणि `away` नावाचे दिसले तर थांबा, ते ग्रीटिंग आणि अवे मेसेजचे असतात. बाकीचे काढा.

आणि `/delpack` कन्फर्म करण्याआधी फोल्डर अजून एकदा उघडा.