अडॅप्टिव्ह हेडलाइट नंतर चालू होईल का, सर्व्हिस सेंटरला असं विचारा

समोरच्या गाडीवर पडणारा उजेड आपोआप कमी करणारे अडॅप्टिव्ह हेडलाइट गाडी घेतल्यानंतर हवे असतील आणि मेलमध्ये नुसतं 'फीचर चालू करून द्याल का' विचारलंत तर उत्तर बहुतेक 'नाही' असंच येतं, म्हणून आधी गाडीचा १७ अक्षरी ओळख क्रमांक म्हणजे व्हीआयएन द्या आणि हेडलाइटच्या मागच्या लेबलवरचा पार्ट नंबर फोटोसकट जोडा. मग सरळ लिहा: "माझ्या हेडलाइटमध्ये वेगवेगळे विझणारे एलईडी आणि गाडीच्या पुढच्या काचेमागे कॅमेरा आहे का, आणि फीचर फक्त सॉफ्टवेअरने बंद ठेवलंय का?" खरा प्रश्न हाच, कारण दिवेच साधे असतील तर कोडिंग करून काहीच होत नाही, अख्खे हेडलाइट बदलावे लागतात. सॉफ्टवेअरचंच असेल तर आपल्या देशात त्याला परवानगी आहे का, दिवे आणि कॅमेरा नेमके जुळवायचं कॅलिब्रेशन कोण करणार आणि वॉरंटी राहील का हेही लेखीच मागा, फोनवरचं 'होऊन जाईल' धरू नका.