डिशवॉशरच्या बास्केटमध्ये चमचे कसे लावावेत: दांडा वर की खाली?

मशीन पूर्ण चाललं, ताटं-वाट्या लख्ख निघाल्या, पण मूठभर चमच्यांपैकी तीन-चार चमच्यांवर मात्र डाग राहिले. अशा वेळी डिटर्जंट बदलण्याआधी डागाचा आकार बघावा, कारण बहुतेकदा तोच कारण सांगतो.

डाग चमच्याच्या खोलगट भागात मधोमध असेल, किंवा तिथे चंद्रकोरीसारखी रेघ उमटली असेल, आणि दुसऱ्या एखाद्या चमच्याच्या पाठीवर तसाच डाग असेल, तर ते दोन चमचे धुताना एकमेकांत बसले होते. याउलट सगळ्याच चमच्यांवर, शिवाय काचेच्या ग्लासांवरही बारीक पांढरे ठिपके विखुरलेले असतील, तर चमचे लावण्यात चूक नाही. ते पाण्यातले क्षार आहेत. त्यासाठी मशीनमधलं मीठ संपलं आहे का, पाण्याच्या जडपणाची सेटिंग बरोबर आहे का आणि रिन्स एड भरलेलं आहे का, हे तपासावं. तपकिरी ठिपके असतील तर बरोबर एखादी लोखंडी सुरी किंवा गंजू लागलेली वस्तू धुतली गेली आहे का ते पाहावं. तिच्या गंजाचे कण स्टीलवर येऊन बसतात.

एकमेकांत बसलेले चमचे का धुतले जात नाहीत? स्टीलच्या दोन ओल्या वाट्या एकात एक ठेवल्या की त्या घट्ट धरून बसतात, सहज सुटत नाहीत. चमच्यांचंही तसंच होतं. दोन्ही तोंडांमध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो. खालचा स्प्रे आर्म फिरताना जोरात पाणी मारतो, पण ते वरच्या चमच्याच्या पाठीवर आदळून निसटतं, आत शिरत नाही. आमटीचा किंवा भाताच्या पेजेचा थर आतच राहतो. शेवटच्या खळबळणीचं स्वच्छ पाणीही तिथे नीट पोचत नाही, त्यामुळे आधीचं डिटर्जंटचं आणि खरकटं पाणी तिथेच वाळतं. मशीनमधली उष्णता त्याचा डाग पक्का करते.

आता दांड्याचा प्रश्न. दांडा खाली ठेवला की चमच्याचं तोंड बास्केटच्या वर मोकळं राहतं आणि त्याला सगळीकडून पाणी लागतं. दांडा वर ठेवला तर काढताना हात फक्त दांड्याला लागतो, पण तोंडं बास्केटच्या तळाशी एका जागी गोळा होतात. चमचा उभा असला तरी कलतो, आणि सारख्या मापाचे दोन चमचे शेजारी आले की घसरत एकमेकांत जाऊन बसतात. म्हणून चमच्यांसाठी दांडा खाली हीच मूळ पद्धत ठेवावी. पण नुसतं तेवढं पुरत नाही, कारण सगळे दांडे खाली केले तर सगळी तोंडं वर एकाच उंचीवर येतात आणि तिथेही एकमेकांत बसू शकतात. खरा उपाय आहे तो उंची बदलण्याचा: एका कप्प्यातले दोन सारखे चमचे एकाचा दांडा खाली, दुसऱ्याचा वर असे ठेवायचे. एकाचं तोंड वर, एकाचं तळाशी. मग ते एकमेकांत बसणं शक्यच नसतं.

सुऱ्यांना ही मुभा नाही. सुरीचं टोक नेहमी खाली, दांडा वर. मशीन रिकामं करताना घाईत हात बास्केटमध्ये जातो, आणि घरात लहान मूल असेल तर उघड्या दारापाशी ते आधी बास्केटच धरतं. त्याच कारणाने लहान मुलांच्या घरी काट्यांचे दातही खाली ठेवले तर हरकत नाही. फक्त त्या कप्प्यात गर्दी करू नये.

एक नेहमीचा हिशोब मांडून बघू. रात्रीच्या जेवणानंतर 12 मोठे चमचे, 6 काटे, 8 छोटे चमचे आणि 2 सुऱ्या आहेत, आणि बास्केटला 8 कप्पे आहेत. एकूण 28 वस्तू, म्हणजे एका कप्प्यात चारपेक्षा जास्त येण्याचं कारण नाही.

1. चमच्यांवरचं जाड खरकटं बोटाने किंवा कागदाने काढा. घासून धुवायची गरज नाही, पण तूप किंवा शिरा गोळ्यासारखा चिकटला असेल तर तो काढून टाका.

2. पहिल्या सहा कप्प्यांत प्रत्येकी दोन मोठे चमचे ठेवा, एक दांडा खाली आणि एक दांडा वर.

3. त्याच सहा कप्प्यांत प्रत्येकी एक काटा, दात वर करून. काट्याची पाठ चमच्याच्या पाठीकडे करा. दात चमच्याच्या खोलगट भागात टेकले तर काटाही चमच्यासारखाच आत बसतो, आणि ही गोष्ट सहज नजरेतून सुटते.

4. याच सहा कप्प्यांच्या उरलेल्या जागेत प्रत्येकी एक छोटा चमचा, दांडा खाली. तो आखूड असल्याने त्याचं तोंड मोठ्या चमच्याच्या तोंडाच्या खालीच राहतं.

5. सातव्या कप्प्यात दोन्ही सुऱ्या, टोकं खाली. आठव्यात उरलेले दोन छोटे चमचे, उलटसुलट.

6. बास्केट जागेवर ठेवून तळाकडे वाकून पाहा. एखादा बारीक दांडा जाळीतून खाली आला असेल तर स्प्रे आर्म त्याला अडकतो आणि त्या खेपेला खालच्या रॅकमधलं काहीच नीट धुतलं जात नाही. आर्म हाताने एकदा पूर्ण फिरवून बघा.

पळी, झारा, उलथनं या बास्केटमध्ये उभे करू नका. ते वरच्या स्प्रे आर्मला लागतात. वरच्या रॅकमध्ये आडवे ठेवा, पळी पालथी, म्हणजे तिच्यात पाणी साचणार नाही. मसाल्याच्या डब्यातले इवलेसे चमचे जाळीतून खाली पडतात, ते हातानेच धुतलेले बरे. लाकडी चमचेही मशीनमध्ये घालू नयेत, फुगून चिरतात. चांदीचा चमचा असेल तर तो स्टीलला टेकू देऊ नका. ओलसर अवस्थेत दोन धातू एकमेकांना लागले की चांदीवर डाग पडू शकतात.

काही बास्केटना वरून फटी असलेली झाकणाची जाळी असते. ती असेल तर उलटसुलट करायची गरज नाही. प्रत्येक फटीत एकच चमचा, दांडा खाली. जाळीच त्यांना वेगळं ठेवते. मात्र ती बसवल्यावर चमचे कमी मावतात, म्हणून घरात पाहुणे असले की जाळी काढून वरची उलटसुलट पद्धत वापरणं सोयीचं पडतं. वर वेगळा कटलरी ट्रे असलेल्या मशीनमध्ये चमचे आडवे राहतात. तिथे त्यांची तोंडं एकाआड एक विरुद्ध दिशेला करा.

मशीन थांबल्यावर खालचा रॅक आधी रिकामा करा. वरच्या कपांच्या आणि वाट्यांच्या बुडातल्या खळग्यात पाणी साचलेलं असतं. वरचा रॅक आधी ओढला की ते कोरड्या चमच्यांवर सांडतं आणि तिथेच नवे ठिपके पडतात. डाग आधीच पडला असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्यात चमचा 10 मिनिटं बुडवा. डाग विरला तर तो क्षारांचा होता. नखाला खरखरीत लागत तसाच राहिला तर ते वाळलेलं अन्न आहे. मग तो चमचा गरम साबणाच्या पाण्यात भिजवून हाताने घासा, आणि पुढच्या खेपेला त्याचा जोडीदार दुसऱ्या कप्प्यात टाका.