दुष्काळातल्या शेतकऱ्याची रोजनिशी: आधी साल ठरवा

मुलं थेट ‘जमीन भेगाळली, डोळ्यांत पाणी आलं’ असं लिहायला घेतात. त्याआधी वर तारीख आणि गाव टाकायला लावा, कारण तपशील सालावर ठरतो. १९७२ च्या दुष्काळात धान्याचाच तुटवडा होता. तिथे खडी फोडायचं काम, मिलो म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी, वाटपात मिळणारी सुकडी येईल. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. तिथे टँकर, आटलेलं बोअर, चारा छावणी शोभेल. मग त्या दिवसातला एकच निर्णय घ्या: ‘आज बैलजोडी छावणीत नेली. सर्जा सारखा गोठ्याकडे वळत होता. पेरणीला लागतील म्हणून विकली नाही.’ शेवटी पाऊस मात्र पाडू नका. एप्रिलमध्ये लिहिणाऱ्याला जूनचं काहीच ठाऊक नसतं.