किशोरांसाठी पाच दिवसांची लघुपट कार्यशाळा कशी आखावी

कार्यशाळेची आखणी शेवटच्या दिवसापासून उलटी करत यावी. रोज तीन तास आणि बारा मुले असतील, तर सहा-सहा जणांचे दोन गट करून प्रत्येक गटाला तीन मिनिटांचा एक लघुपट करायला द्यावा. पाचव्या दिवशी तो दाखवायचा, म्हणजे चौथ्या दिवशी संकलन आणि तिसऱ्या दिवशी चित्रीकरण आले. गोष्टीसाठी उरलेले दोन दिवस पुरतात, मात्र त्यानंतर गोष्ट बदलायची नाही. सांगलीतल्या माझ्या पहिल्या कार्यशाळेत ही अट मी घातली नव्हती. मुलांनी ऐन चित्रीकरणात शेवट बदलला आणि जमलेल्या पालकांना सुटे तुकडेच दाखवावे लागले.

पहिल्या दिवशी कॅमेऱ्याचे नावही काढू नये. ‘गोष्ट सुचवा’ म्हटले की मुले खून आणि भुते घेऊन येतात, म्हणून त्यांना अलीकडे घरात घडलेला, थोडी लाज वाटायला लावणारा प्रसंग सांगायला लावावे. गावभागातल्या एका मुलीने सांगितले, की शेजारून आलेली वाटी परत द्यायला आईने तिला पाठवले, पण त्या घरातल्या मैत्रिणीशी तिचा अबोला होता. कोणाला काय हवे, आड काय येते आणि अखेर ती काय करते, हे एका वाक्यात मांडता आले तर प्रसंगाची गोष्ट होते. इथे तिला वाटी ठेवून गुपचूप परतायचे आहे. मैत्रीण दारातच कपडे वाळत घालत आहे. आणि वाटी रिकामी द्यायची नाही म्हणून आईने तीत लाडू ठेवले आहेत.

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट मोबाइलवर काढलेल्या दहा छायाचित्रांत बसवावी आणि दुसऱ्या गटाला एक शब्दही न बोलता क्रमाने दाखवावी. आमच्या प्रेक्षकांना ती मुलगी लाडू चोरून पळते आहे असे वाटले, कारण आई वाटी भरते ते छायाचित्रच नव्हते. प्रेक्षक जिथे चुकतात तिथे एक दृश्य कमी असते; ते घातले, की तोच क्रम चित्रीकरणाची यादी होतो. सगळ्या कार्यशाळेत मी सर्वाधिक वेळ याच चाचणीला देतो.

चित्रीकरण सकाळी आठ ते अकरा या वेळेत उरकावे, कारण दुपारची उभी सावली सकाळच्या दृश्याशी जुळत नाही. फोन आडवा धरावा, एअरप्लेन मोडवर ठेवावा, आणि प्रत्येक दृश्य कृतीच्या तीन सेकंद आधी सुरू करून तीन सेकंद नंतर थांबवावे. ही मोकळी जागा नसेल तर संकलनात जोड बसत नाही. एकूण चित्रीकरण अर्ध्या तासापलीकडे गेले, तर मुलांचा चौथा दिवस नुसते पाहण्यातच जातो.

संकलनाचा पहिला कच्चा जोड संगीताविना करावा, नाहीतर रेंगाळलेली जागा गाण्याखाली झाकली जाते. संवाद नसल्याने ओट्यावर वाटी टेकल्याचा आवाज इथे फार मोलाचा आहे. तो पंखा बंद करून, फोन वीतभर अंतरावर धरून, वेगळा नोंदवावा.