स्प्ले ट्री: सापडलेली नोंद रूटवर कशी न्यावी आणि त्याचा खर्च कसा मोजावा

बायनरी सर्च ट्री तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो: प्रत्येक नोडच्या डावीकडे लहान आकडे, उजवीकडे मोठे. हे झाड एका बाजूला लांबत गेलं की शोध मंदावतो. त्यावर एव्हीएल किंवा रेड-ब्लॅक ट्रीमध्ये प्रत्येक नोडजवळ उंचीची किंवा रंगाची जास्तीची माहिती ठेवून झाड सतत समतोल राखलं जातं. डॅनियल स्लीटर आणि रॉबर्ट टार्जन यांनी १९८५ मध्ये वेगळीच वाट दाखवली. नोडजवळ काहीही जास्तीचं ठेवायचं नाही. ज्या नोडला हात लागला तो रोटेशन करत करत थेट रूटवर आणायचा. या क्रियेला स्प्ले करणं म्हणतात.

यामागचा विचार सोपा आहे. बहुतेक वापरात आत्ता लागलेली नोंद लवकरच पुन्हा लागते. ती रूटवर असेल तर पुढच्या वेळी जवळजवळ फुकटात मिळते. पण नुसतं ‘रूटवर आणा’ एवढं पुरत नाही. कोणत्या क्रमाने आणता, यावर सगळं अवलंबून आहे. लेखाचा बराचसा भाग याच एका मुद्द्याला दिला आहे, कारण स्प्ले ट्री लिहिताना नेमकं इथेच चुकतं आणि उत्तरं बरोबर येत राहिल्यामुळे ती चूक दिसतही नाही.

पायरी १: तीन प्रकारच्या हालचाली ओळखा

वर आणायच्या नोडला `x` म्हणू, त्याच्या पालकाला `p` आणि पालकाच्या पालकाला `g`. `rotate(v)` म्हणजे `v` ला त्याच्या पालकाच्या जागी चढवणं. डाव्या-उजव्या क्रमाला यात धक्का लागत नाही.

`g` नसेल, म्हणजे `p` हाच रूट असेल, तर एकच रोटेशन. ही झिग. `x` आणि `p` वेगवेगळ्या बाजूंची मुलं असतील (एक डावं, एक उजवं), तर `x` लाच दोनदा चढवायचं. ही झिग-झॅग. आणि दोघं एकाच बाजूला असतील तर झिग-झिग: इथे आधी `p` ला `g` च्या वर चढवायचं, मग `x` ला `p` च्या वर.

```python
def splay(x):
    while x.parent:
        p = x.parent
        g = p.parent
        if g is None:
            rotate(x)
        elif (g.left is p) == (p.left is x):
            rotate(p)
            rotate(x)
        else:
            rotate(x)
            rotate(x)
```

लूप संपल्यावर झाडाचा रूट म्हणून `x` ची नोंद करायला विसरू नका. शोध, भर घालणं, काढून टाकणं या सगळ्या क्रिया याच एका फंक्शनवर उभ्या राहतात.

पायरी २: सात आकड्यांवर हाताने करून पाहा

रिकाम्या झाडात १ ते ७ हे आकडे चढत्या क्रमाने टाका. दर वेळी नवा आकडा रूटच्या उजवीकडे जातो आणि एका रोटेशनमध्ये वर येतो. शेवटी ७ रूटवर, त्याच्या डावीकडे ६, त्याच्या डावीकडे ५, अशी थेट १ पर्यंत साखळी तयार होते. सहा रोटेशनमध्ये झाड बांधून झालं, पण आकार सर्वांत वाईट आहे. आता १ शोधा. तो सहा पायऱ्या खाली आहे.

आधी चुकीची पद्धत करून पाहू: झिग-झिग विसरून १ ला एकेक पायरी वर चढवत नेऊ. सहा रोटेशननंतर १ रूटवर येतो, त्याच्या उजवीकडे ७, आणि ७ च्या डावीकडे ६, ५, ४, ३, २ ही साखळी जशीच्या तशी राहते. आता २ शोधायला गेलात तर तोही सहा पायऱ्या खाली! मग ३ साठी पाच, ४ साठी चार, असं करत ७ पर्यंत एकूण २७ रोटेशन लागतात. आणि ७ रूटवर आला की झाड पुन्हा पहिल्या साखळीवर येतं. म्हणजे हीच फेरी पुन्हा मारली तर पुन्हा २७.

आता योग्य पद्धत. १ चे पालक-आजोबा २ आणि ३. आधी २ ला ३ वर चढवा, मग १ ला २ वर. पुढच्या जोडीत ४ आणि ५, शेवटच्या जोडीत ६ आणि ७. रोटेशन तेवढीच, सहा. पण झाड पाहा:

```
1
 \
  6
 / \
4   7
/ \
2   5
 \
  3
```

सर्वांत खोल नोड आता चारच पायऱ्यांवर आहे. जाता जाता वाटेवरच्या नोडांची खोली साधारण निम्म्यावर आली. आता २ शोधा: तीन पायऱ्या, एक झिग-झिग आणि एक झिग, आणि झाडाची उंची तीनवर येते. पुढे ३ साठी दोन रोटेशन, ४ साठी एक, ५ साठी दोन, ६ आणि ७ साठी प्रत्येकी एक. एकूण १६. शेवटी झाड पुन्हा त्याच साखळीवर येतं, तरी पुढची फेरीही १६ मध्येच होते.

सात आकड्यांना हा फरक किरकोळ वाटेल. पण चुकीच्या पद्धतीत एका फेरीचा खर्च `(n-1) + n(n-1)/2` असतो. हजार नोंदींना पाच लाखांवर रोटेशन. स्प्लेच्या पद्धतीत क्रमाने सगळ्या नोंदी घेण्याचा खर्च नोंदींच्या संख्येच्या प्रमाणातच वाढतो, हे टार्जन यांनी सिद्ध केलं आहे.

पायरी ३: खर्चाचा हिशेब मांडा

एखादा शोध खरोखर `n` पायऱ्यांचा असू शकतो, हे वर दिसलंच. मग प्रत्येक क्रियेला `O(log n)` खर्च येतो असं म्हणायचं कशाच्या जोरावर? इथे अमॉर्टाइज्ड हिशेब येतो. सुट्या क्रियेचा खर्च न पाहता क्रियांच्या लांबलचक रांगेचा खर्च मोजायचा. स्वस्त क्रियांनी थोडं थोडं खात्यात भरायचं, महागड्या क्रियेने त्यातून काढायचं, आणि खातं कधी उणे जाता कामा नये. यात नशिबाचा किंवा शक्यतेचा भाग नाही. नोंदी कोणत्याही क्रमाने मागा, हमी तीच राहते.

खात्यातली शिल्लक झाडाच्या आकारावरून ठरते. प्रत्येक नोडखाली (तो धरून) किती नोड आहेत ते मोजा, त्याचा पाया २ चा लॉग घ्या, सगळ्यांची बेरीज करा. या बेरजेला पोटेन्शियल म्हणतात. झाड साखळीसारखं असेल तर ती मोठी, पसरलेलं असेल तर लहान.

आपल्या साखळीत नोडांचे आकार ७, ६, ५, ४, ३, २, १ आहेत. लॉगची बेरीज म्हणजे गुणाकाराचा लॉग, म्हणून शिल्लक `log2(5040)`, सुमारे १२.३. झिग-झिगने १ ला वर आणल्यावर आकार होतात ७, ६, ४, २ आणि तीन वेळा १. गुणाकार ३३६, शिल्लक सुमारे ८.४. रोटेशन सहा झाली, पण त्यातली ३.९ शिलकीतून भागली. या शोधाचा अमॉर्टाइज्ड खर्च उरला साधारण २.१.

आता चुकीच्या पद्धतीचं झाड पाहा. १ रूटवर, मग ७, ६, ५, ४, ३, २. आकार पुन्हा ७, ६, ५, ४, ३, २, १. शिल्लक १२.३ च्या १२.३! सहा रोटेशन केली, पण त्यांतल्या एकाचीही किंमत शिलकीतून भागली नाही. माझ्या मते स्प्ले ट्रीचं सगळं मर्म या दोन आकड्यांच्या तुलनेत आहे.

स्वस्त क्रियेत उलटं घडतं. योग्य फेरीत २ नंतर ३ ला वर आणताना दोनच रोटेशन होतात, पण शिल्लक ६.७ वरून ७.४ वर जाते. म्हणजे त्या क्रियेच्या नावावर २ ऐवजी सुमारे २.७ पडतात. वरचे ०.७ पुढच्यासाठी जमा.

हे नेहमीच जमतं याची सिद्धता एका छोट्या असमानतेवर उभी आहे: `a + b <= c` असेल तर `log a + log b <= 2 log c - 2`. झिग-झिगमध्ये `a` म्हणजे हालचालीआधी `x` खालचे नोड, `b` म्हणजे हालचालीनंतर `g` खालचे नोड, आणि `c` म्हणजे या तिघांचं पूर्ण उपझाड. `p` आधी चढवल्यामुळे हे दोन गट एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून दोन्ही एकाच वेळी मोठे असू शकत नाहीत. उजव्या बाजूला जे `-2` दिसतं, तेच दोन रोटेशनची किंमत चुकवतं. सगळ्या हालचालींची बेरीज केली की एका स्प्लेचा अमॉर्टाइज्ड खर्च जास्तीत जास्त `3 log2(n) + 1` भरतो. तो `+1` शेवटच्या एकट्या झिगचा.

पायरी ४: रूटजवळच्या नोंदींचा फायदा कुठे मिळतो ते ओळखा

`log n` तर रेड-ब्लॅक ट्रीही देतं, तेही प्रत्येक क्रियेला. स्प्लेची खरी कमाई पुढे आहे. एखादी नोंद मागच्या वेळी घेतल्यापासून मध्ये `t` वेगळ्याच नोंदींना हात लागला असेल, तर लांब रांगेत तिचा अमॉर्टाइज्ड खर्च `log t` च्या प्रमाणात असतो, `log n` च्या नाही. झाडात दहा लाख नोंदी आहेत, पण सध्या त्यांतल्या सोळाच फिरून फिरून लागतायत, तर लॉग वीसऐवजी चारच्या घरात येतो. उद्या वेगळ्या सोळा लागायला लागल्या तर थोड्या शोधांत त्या वर येतात. कुणाला काही सांगावं लागत नाही. उलट सगळ्या नोंदी सारख्याच प्रमाणात आणि कशाही क्रमाने लागत असतील, तर स्प्ले ट्री वापरू नका. नुसती रोटेशनच वाढतील.

पायरी ५: कुठे फसतं ते तपासा

न सापडलेल्या नोंदीनंतरही स्प्ले करावंच लागतं. ज्या शेवटच्या नोडपर्यंत पोचलात तो वर आणा. ते टाळलं तर साखळीच्या टोकापलीकडचा, झाडात नसलेला आकडा पुन्हा पुन्हा शोधून दर वेळी पूर्ण लांबी चालावी लागेल, आणि झाड न बदलल्यामुळे शिलकीतून काहीच भागणार नाही.

रोटेशनचा क्रम बरोबर आहे का, हे कळण्यासाठी `rotate` मध्ये एक मोजणी ठेवा. १ ते १००० चढत्या क्रमाने टाका, मोजणी शून्य करा, आणि मग त्याच क्रमाने सगळे शोधा. मोजणी काही हजारांत थांबली तर ठीक. ती ५,००,४९९ आली तर झिग-झिगमध्ये `rotate(p)` च्या जागी `rotate(x)` पडलं आहे. नुसती उत्तरं तपासणारी चाचणी हे कधीच पकडणार नाही.

झाडावर रिकर्शनने फिरणारा कोड असेल तर तोही पाहा. साखळीची खोली नोंदींच्या संख्येइतकी होऊ शकते आणि स्टॅक संपतो; म्हणून असं फिरणं लूपने लिहा.

दोन मर्यादा मात्र कोड सुधारून जात नाहीत. स्प्ले ट्रीमध्ये नुसतं वाचणंही झाड बदलतं, त्यामुळे अनेक थ्रेड एकाच वेळी शोध घेणार असतील तर प्रत्येक शोधाला लॉक लागतो. आणि हमी पूर्ण रांगेची आहे, एकेका क्रियेची नाही. ठरलेल्या क्षणाच्या आत उत्तर मिळालंच पाहिजे अशा यंत्रणेत मध्येच आलेला एक `n` पायऱ्यांचा शोध चालत नाही, तिथे रेड-ब्लॅक ट्रीच घ्या.