लिंबाच्या रसात फसफसलं एवढ्यावरून पोवळं खरं ठरत नाही

अस्सल पोवळं लिंबात फसफसतं म्हणतात, म्हणून आमच्या मावशीने आजीच्या पोवळ्यांच्या माळेतला एक मणी लिंबाच्या रसात टाकला. बारीक बुडबुडे आले आणि घरात सगळे खूश झाले. अर्ध्या तासाने काढला तर मण्याची चकाकी गेलेली, वरून खडूसारखा पांढरट थर. मणी अस्सल होता; तो आता कायमचा तसाच आहे.

पोवळं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आंबट पडलं की ते विरघळतं आणि बुडबुडे येतात. पण रंगवलेलं बांबू कोरलही कॅल्शियम कार्बोनेटच, आणि शिंपल्याचा किंवा संगमरवराचा मणीही तसाच फसफसणार. म्हणजे या परीक्षेत काच आणि प्लॅस्टिक तेवढं पकडलं जातं, आणि ते पकडायला मणी खराब करायची गरजच नाही. दुधाची परीक्षा तर उलटीच. अस्सल पोवळ्याने दुधावर लाल झाक येते म्हणतात. झाक आलीच तर मला आधी रंग सुटल्याचा संशय येईल. तापलेली सुई तर लावूच नका, डाग राहतो.

प्लॅस्टिक वजनावर कळतं. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. मणी कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा आणि मणी दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. भोकात हवा अडकली तर हिशेब चुकतो, म्हणून मणी आधी साबणाच्या पाण्यात हलवून घ्या. आमचा एक मणी कोरडा 1.06 ग्रॅम भरला आणि बुडवल्यावर काट्याने 0.40 दाखवलं. भागाकार 2.65, म्हणजे मणी पाण्याच्या तेवढ्या पट जड; पोवळ्याला साजेसा. तेवढ्याच आकाराचा प्लॅस्टिकचा मणी जेमतेम अर्धा ग्रॅम भरला असता. काच 2.5 किंवा त्याहून जड असते, त्यामुळे ती वजनावर सुटू शकते. पण भिंगातून तिच्यात गोल बुडबुडे किंवा साच्याची शिवण दिसते, आणि भोकाच्या कडेचा टवका चकचकीत, शिंपल्यासारखा वळलेला असतो.

खरी फसगत बांबू कोरलमध्ये होते. तेही समुद्रातलंच, वजनालाही जवळपास तेवढंच. मूळचं ते पांढरट-करडं असतं. बांबूसारखी पेरं आणि मध्ये काळपट सांधे, म्हणून ते नाव. त्याला लाल रंग देतात. तो ओळखायचा तर दहापट भिंग घेऊन दोन गोष्टी बघा.

पहिली, रेषा. भूमध्य समुद्रातल्या लाल पोवळ्यावर फांदीच्या लांबीने समांतर रेषा जातात, इतक्या बारीक की दोन रेषांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आतलं. बांबू कोरलच्या रेषा जाड आणि दूर दूर असतात, बऱ्याचदा नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. दुसरी, भोक. रंग भेगांत आणि भोकाच्या काठाला गडद साचलेला दिसला, की मणी रंगवलेला धरा. मात्र भोकात पांढरं दिसलं म्हणून लगेच खोटं ठरवू नका: जपानकडच्या काही अस्सल पोवळ्यांचा गाभाच पांढरा असतो.

नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अॅसिटोन कापसाच्या काडीवर घेऊन भोकाजवळ हलकं फिरवा. रंग आला तर निकाल लागला. नाही आला तर काहीच सिद्ध होत नाही, कारण रंगावर लाखेचा किंवा राळेचा थर दिलेला असू शकतो. आणि हे ओवलेल्या माळेवर करू नका. पटवेकऱ्याने वापरलेला लाल दोरा रंग सोडतो आणि बिचारं पोवळं बदनाम होतं. प्लॅस्टिक अॅसिटोनने विरघळू शकतं, म्हणून वजन आधी.

आम्ही सगळ्यात मोठी चूक केली ती वेगळीच: एक मणी बघून अख्ख्या माळेचा निकाल दिला. पुढे 51 मणी सुटे करून एकेक भिंगाखाली धरला. 44 मण्यांच्या रेषा बारीक होत्या, भोकं थोडी तिरकी आणि दोऱ्याने घासून गुळगुळीत झालेली. उरलेल्या 7 मण्यांच्या भोकांचे काठ धारदार, रंग भडक, रेषा ठळक. कधीतरी माळ पुन्हा गाठवताना मणी कमी पडले आणि कोणीतरी नवे घातले, एवढंच.

विकत घेताना पावतीवर 'नैसर्गिक पोवळं' एवढंच लिहिलेलं पुरेसं मानू नका. बांबू कोरलही नैसर्गिकच असतं. जात कोणती आणि रंगवलंय का, हे दोन्ही लिहून मागा. किंमत मोठी असेल तर रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेत रामन चाचणी करून घ्या. तिच्यात पोवळ्याच्या स्वतःच्या लाल रंगद्रव्याची खूण दिसते आणि मण्याला ओरखडाही येत नाही.

मावशीने 44 मण्यांचीच माळ गाठवून घेतली. लिंबात बुडालेला मणी मात्र तिने मुद्दाम मानेमागे, फाशाजवळ ओवायला सांगितला.