मानेतली गाठ, पण कर्करोग कुठला?

पॅथॉलॉजीच्या पहिल्या वर्षी माझ्यापुढे मानेतल्या एका लिम्फ नोडची, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या एका छोट्या ठाण्याची, बायोप्सी आली. स्लाइडवर मोठमोठ्या, बेढब पेशी पसरल्या होत्या. नोडमधली गाठ म्हणजे लिम्फोमा, असं धरून मी तसा कच्चा अहवाल लिहून टाकला. मॅडमनी तो वाचून एवढंच विचारलं, "या पेशी इथल्याच कशावरून?"

कर्करोगाचं नाव तो सापडला त्या जागेवरून ठरत नाही, सुरू झाला त्या ऊतीवरून ठरतं. त्वचा, अवयवांची अस्तरं आणि स्राव तयार करणाऱ्या ग्रंथी यांच्या पेशींपासून निघाला तर कार्सिनोमा. हाड, चरबी, स्नायू यांसारख्या ऊतींतून निघाला तर सार्कोमा. लिम्फोमा लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा. आणि नोड ही तर अशी जागा, जिथे दुसरीकडचा कार्सिनोमा हमखास येऊन बसतो.

आकारावरून ओळख पटेना, म्हणून आम्ही पेशींमधली प्रथिनं दाखवणारे स्टेन लावले. अस्तराच्या पेशींत सायटोकेरॅटिन असतं, पांढऱ्या पेशींवर सीडी ४५. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग, मेलॅनोमा, हाही असाच फसवतो, म्हणून सोबत तो दाखवणारा एस १०० लावला. सायटोकेरॅटिन गडद तपकिरी आलं, बाकी दोन्ही कोरे. म्हणजे कार्सिनोमा. मग टीटीएफ १ लावला, तोही पॉझिटिव्ह. हा मुख्यतः फुफ्फुस आणि थायरॉइडच्या पेशींत दिसतो. थायरॉइडच्या पेशींतलं प्रथिन थायरोग्लोब्युलिन निगेटिव्ह आल्यावर थायरॉइड मागे पडलं, आणि स्कॅनमध्ये फुफ्फुसात गाठ दिसली. अहवालात अखेर लिहिलं गेलं: फुफ्फुसाचा अडेनोकार्सिनोमा, लिम्फ नोडमध्ये पसरलेला. 'अडेनो' म्हणजे ग्रंथीच्या धाटणीचा.

एकाच स्टेनवर मात्र विसंबू नका. सायनोव्हियल सार्कोमासारखे काही सार्कोमाही सायटोकेरॅटिन दाखवतात, आणि काही लिम्फोमांत सीडी ४५ उमटतच नाही. म्हणून स्टेन नेहमी संचात लावतात आणि रुग्णाच्या माहितीशी ताडून बघतात.

नावांच्या शेवटचा 'ओमा'ही नवख्याला चकवतो. लायपोमा ही चरबीची निरुपद्रवी गाठ, लायपोसार्कोमा हा कर्करोग. इथवर सगळं सरळ. पण लिम्फोमा, मेलॅनोमा आणि वृषणातला सेमिनोमा ऐकायला साधे वाटतात आणि तिन्ही कर्करोगच आहेत. हे जुने अपवाद पाठच करावे लागतात, दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

ल्युकेमियात बिघडलेल्या पेशी अस्थिमज्जेत आणि रक्तात असतात. लिम्फोमात मुख्यतः नोडमध्ये किंवा इतर ऊतींत गाठी होतात. पण ही भिंत फार पक्की नाही. लहान बी लिम्फोसाइटचा एक आजार रक्तात भरपूर दिसला की त्याला क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया म्हणतात, आणि नोडमध्येच राहिला की स्मॉल लिम्फोसायटिक लिम्फोमा. पेशी तीच, आजारही एकच. म्हणून अहवालात बऱ्याचदा दोन्ही नावं तिरकी रेघ मारून शेजारी शेजारी लिहिलेली दिसतात.